मदत हवी आहे: वर्षअखेरच्या पत्रात चुकलेलं रीडिंग कसं लिहू?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात टॅरो बघते. जानेवारीत नेहमीच्या लोकांसाठी बारा महिन्यांची बारा पत्ती काढते आणि काय सांगितलं ते तारखेसह वहीत लिहून ठेवते. डिसेंबरात सगळ्यांना पत्र लिहायचं आहे, वर्ष कसं गेलं याचं. एका नोंदीपाशी अडकले आहे.

खानापूरच्या एका ताईंना ऑगस्टसाठी ‘टॉवर’ आलं होतं. वहीत माझेच शब्द आहेत: ‘घरात अचानक मोडतोड, जुनी भिंत बघून घ्या. नोकरीला धोका नाही.’ त्यांनी पावसाआधी भिंत दुरुस्त करून घेतली, घराला काही झालं नाही. ऑगस्टमध्ये यजमानांची नोकरी गेली. आता ताईच म्हणतात, "टॉवर अगदी खरं ठरलं हो!"

पत्त्याचा अर्थ अचानक कोसळणं असा घेतला तर जुळतं. पण मी नोकरीचं नाव घेऊन नाही म्हटलं होतं, आणि त्या भरवशावर त्यांनी शिल्लक भिंतीत घातली. माझ्या मते हे चुकलेलंच. घडून गेल्यावर टॉवर कशालाही लावता येतं, म्हणून मी फक्त वहीतलं वाक्य धरते.

हे सगळ्यांच्या पत्रात घालू, की ताईंना वेगळं लिहू? गाव, महिना नि नोकरी लिहिली की खानापुरात लगेच ओळखतील. आणि असं अर्धवट जुळलेलं तुम्ही कशात धरता? कुणी असं पत्र पाठवत असाल तर त्यात चुकीबद्दलची दोन वाक्यं कशी लिहिलीत, तेवढं सांगा.