मदत हवी आहे: बाबांची पेन्शन आणि एफडीचं व्याज, हातात न आलेलं व्याज पण धरायचं का?

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. बाबा ६८ वर्षांचे आहेत, शाळेतून रिटायर झालेत. त्यांचं २०२५-२६ चं रिटर्न ३१ जुलैच्या आत भरायचंय आणि एका मुद्द्यावर घरात दोन मतं आहेत. पेन्शन महिन्याला ६१,५०० म्हणजे वर्षाचे ७,३८,०००. एका राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी आहेत, तिथलं व्याज ४,३५,००० दर तिमाहीला खात्यावर जमा होतं, आणि बँकेने ४३,५०० टीडीएस कापलाय. इथपर्यंत ठीक. आता दुसऱ्या एका सहकारी बँकेत मार्च २०२४ मध्ये १५ लाख तीन वर्षांसाठी ठेवलेत, साडेसात टक्क्यांनी, पण ते व्याज मूळ रकमेतच मिसळत जातं आणि मार्च २०२७ ला एकदम मिळणार. तिथे काउंटरवर एप्रिलमध्ये बाबांकडून १५एच भरून घेतला होता म्हणून टीडीएस शून्य आहे.

बाबांचं म्हणणं, जे पैसे हातात आले नाहीत ते उत्पन्न कसं? ते सोडलं तर ११,७३,००० होतात, त्यातनं पेन्शनची ७५,००० वजावट गेली की १०,९८,०००, म्हणजे १२ लाखाच्या आत, टॅक्स शून्य आणि कापलेले ४३,५०० सगळे परत. पण एआयएस काढून बघितलं तर त्यात सहकारी बँकेचे १,२५,००० दिसतायत. ते धरले तर १२,२३,००० होतंय, लाइनच्या वर. मग ६३ हजार टॅक्स भरावा लागणार का? बाबा त्या विचारानं रात्री झोपत नाहीत म्हणून लवकर सांगा प्लीज.

तांबडा_पांढरा

भावा १२ लाखाच्या वर एक रुपया गेला की सूट संपली, सगळ्या स्लॅबनं टॅक्स बसतो. त्यामुळं जुनी पद्धत घ्या. तिथं ज्येष्ठांना व्याजावर ५०,००० सूट आहे, मेडिक्लेमचा हप्ता पण वजा होतो. माझ्या काकांना तीच परवडते.

आक्का_शाहूपुरी

माझ्या आईला बाबांच्या मागं फॅमिली पेन्शन आहे, तिला पण ७५,००० वजा होतात का? आणि ८० च्या वर ५ लाखापर्यंत टॅक्स नसतो ना?

वसुली_नाही_सल्ला

राजारामपुरीकर, आधी तुमचंच बघतो, मी बरीच वर्षं हेच काम केलंय. वरच्या भावांचं अर्धं बरोबर आहे. सूट १२ लाखापर्यंतच आहे हे खरं, पण वर थोडंसंच गेलं असेल तर मार्जिनल रिलीफ मिळतो, म्हणजे जेवढी रक्कम १२ लाखाच्या वर गेली त्यापेक्षा जास्त टॅक्स घेत नाहीत. तुमचे वर गेले २३,०००. स्लॅबनं हिशोब केला तर ६३,४५० येतात, पण भरायचे २३,००० आणि त्यावर ४ टक्के सेस ९२०, एकूण २३,९२०. बँकेने कापलेत ४३,५००, म्हणजे व्याज धरूनसुद्धा १९,५८० परत येतात. बाबांना हे आज रात्री सांगा.

जुन्या पद्धतीचं पण करून दाखवतो. एकूण १२,९८,००० मधनं पेन्शनची ५०,०००, व्याजाची ५०,०००, आणि मेडिक्लेमचे समजा ४२,००० वजा केले तरी ११,५६,००० उरतात आणि टॅक्स सेससकट १,६३,०७२ येतो. त्यामुळं तुमच्यासाठी नवीनच. ज्येष्ठांच्या सवलती म्हणून जे सगळे सांगतात त्यातल्या बहुतेक जुन्या पद्धतीतच आहेत, मोठी एफडी असणाऱ्यांना त्यांचा आता फारसा उपयोग होत नाही.

आता खरा प्रश्न. हातात न आलेलं व्याज बँक दरवर्षी बाबांच्या नावावर दाखवते आणि एआयएसमध्ये ते तसंच येतं. १५एच दिला म्हणून टीडीएस कापला नाही, एवढाच त्याचा अर्थ, व्याज माफ झालं नाही. कायद्यात पैसे मिळतील तेव्हा उत्पन्न दाखवायची सोय आहे, पण एक पद्धत धरली की तीच धरून चालायचं. ते कसं महाग पडतं बघा. २०२७ ला तीन वर्षांचं व्याज एकदम येणार, सुमारे ३,७५,०००. बाकी सगळं सारखं धरलं तर उत्पन्न १४,७३,००० होतं, मार्जिनल रिलीफ संपला, टॅक्स सेससकट जवळपास १,०५,०००. उलट वर्षावर्षाला दाखवलं तर यंदा २३,९२० आणि शेवटच्या वर्षी व्याज साधारण १,३४,००० म्हणजे ३३,२८०. पहिल्या वर्षाचं २०२४-२५ चं तेव्हाच्या नियमानं झालंच असेल, नसेल तर तो वेगळा विषय.

म्हणून विचारतो, गेल्या वर्षीच्या रिटर्नमध्ये या एफडीचं व्याज दाखवलं होतं का? त्यावर सगळं अवलंबून आहे. आणि शेअर किंवा म्युच्युअल फंड विकलेत का यंदा? त्या नफ्याच्या टॅक्सला ही सूट लागू नसते.

आक्का, फॅमिली पेन्शनला ती ७५,००० नाही. तिथं पेन्शनचा तिसरा हिस्सा किंवा नवीन पद्धतीत २५,०००, यातलं कमी असेल ते वजा होतं. ५ लाखाची मर्यादा फक्त जुन्या पद्धतीत आहे.

रंकाळ्याचा_वारा

पुढच्या वेळी निम्मी एफडी आईच्या नावावर करा की, दोघांचं व्याज वेगळं पडेल. आमच्याकडं पतसंस्थेत तर टीडीएस पण कापत नाहीत, दाखवायची गरजच नाही.

वसुली_नाही_सल्ला

असं करू नका हो. बाबांनी पैसे देऊन आईच्या नावावर एफडी केली तर त्याचं व्याज बाबांच्याच उत्पन्नात धरतात. आईचे स्वतःचे पैसे असतील तर गोष्ट वेगळी. आणि पतसंस्थेनं टीडीएस कापला नाही म्हणजे टॅक्स नाही असं होत नाही. इथं निम्म्या कोल्हापूरचा तोच समज आहे, ठेव मोडायच्या वेळी लोक धावत येतात.

राजारामपुरीकर

खूप आभार सर, आकडा बघूनच बाबा जरा सावरले. शेअर वगैरे काही नाही. गेल्या वर्षीचं रिटर्न आमच्या ओळखीच्या एकानं भरलं होतं, कॉपी काढली तर व्याजाच्या रकान्यात फक्त राष्ट्रीयीकृत बँकेचाच आकडा आहे, सहकारी बँकेचा नाही. मग आता हे वर्षाला दाखवायचं कसं?

वसुली_नाही_सल्ला

मग गेल्या वर्षी साधारण १,१६,००० राहिलेत. त्या वर्षी १२ लाखाची सूट नव्हती, त्यामुळं त्यावर टॅक्स निघणार. अपडेटेड रिटर्न भरता येतं, पण जास्तीचा टॅक्स आणि व्याजही द्यावं लागतं, म्हणून आधी २६एएस आणि बँकेचं व्याज सर्टिफिकेट दोन्ही वर्षांचं घ्या. दुसरा रस्ता म्हणजे या एफडीला मिळेल तेव्हा दाखवायची पद्धतच पुढे चालू ठेवायची. तसं केलं तर २०२७ चा मोठा आकडा येणार हे मनात धरून, आणि एआयएसशी आकडा जुळत नाही म्हणून विचारणा आली तर उत्तर तयार ठेवायला लागेल. कुठला रस्ता बरा हे दोन्ही कागद बघितल्याशिवाय मी ठामपणे सांगणार नाही.

आणि यापुढं तो १५एच देऊ नका. त्यात यंदा टॅक्स शून्य आहे असं सही करून सांगायचं असतं, बाबांचं तसं नाही. तिथल्या बँकेत लेखी कळवा, टीडीएस कापू दे. तो रिटर्न भरताना वळता होतोच, आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना आगाऊ टॅक्सचे हप्ते भरावे लागत नाहीत, त्यामुळं तीही चिंता नको.

मंगळवार_पेठ

सर, माझ्या मते १५एच शून्य नसताना दिला तर नोटीस येतेच. आमच्या शेजाऱ्यांना आली होती.

वसुली_नाही_सल्ला

एप्रिलमध्ये अंदाज खरोखर १२ लाखाच्या आत दिसत होता का, हे महत्त्वाचं. बाबांनी तेव्हा हेच व्याज सोडून हिशोब केला असेल तर तसं लिहून ठेवा. राजारामपुरीकर, सर्टिफिकेटं मिळाली की आकडे इथंच टाका, नावं आणि खाते नंबर झाकून.