मदत हवी आहे : वडिलांना ‘संस्थात्मक खात्या’तला फोलपणा कसा पटवून द्यावा? (शुक्रवारच्या आत)

प्रवरेकाठचा
माझे वडील संगमनेरला असतात आणि मी पुण्यात नोकरी करतो. दोन महिन्यांपूर्वी एका व्हिडिओखाली कोणीतरी लिहिले होते की, बड्या संस्थांना मिळणारे शेअर सामान्य माणसालाही ‘संस्थात्मक खात्या’तून स्वस्तात घेता येतात आणि त्यातून दररोज सरासरी 3 टक्के नफा होतो. वडील तिथून एका व्हॉट्सॲप गटात गेले आणि गटातून एका ॲपवर. आता शुक्रवारपर्यंत त्यांना आणखी पैसे भरायचे आहेत. हे खोटे आहे याची मला खात्री आहे, पण ते माझे ऐकत नाहीत. ‘लोभ वाईट’ हे त्यांना सांगून झाले आहे. मुद्देसूद काही असेल तरच लिहावे.

अनघा_प
भरायचे आहेत म्हणजे नेमके कशासाठी? आतापर्यंत किती भरले, कोणाच्या खात्यात भरले, आणि काही परत मिळाले का? एवढे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

दत्ताभाऊ 62
या वयात शेअर बाजार हवाच कशाला? मी निवृत्तीची सर्व रक्कम मुदत ठेवीत आणि पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवली असून तिमाही व्याजावर आमचे व्यवस्थित चालते. वडिलांना पोस्टात घेऊन जावे, अर्ज कसा भरायचा ते मी सांगतो.

प्रवरेकाठचा
दत्ताभाऊ, पैसे कुठे गुंतवावेत हा माझा प्रश्नच नाही.
अनघाताई, त्यांनी तीन वेळा मिळून 1,50,000 रुपये भरले. ॲपवर सध्या 4,12,000 दिसतात. मागच्या आठवड्यात त्यांनी एका नव्या आयपीओसाठी अर्ज केला आणि त्यांना 6,80,000 रुपयांचे शेअर ‘लागले’. उरलेले 2,68,000 शुक्रवारपर्यंत भरले नाहीत तर खाते गोठवले जाईल, असे गटातल्या ‘सहायक प्राध्यापिका’ सांगतात. मी खोटे म्हटले की ते ॲप उघडून आकडा दाखवतात.

शंकासुर
सोपा उपाय आहे. त्या कंपनीचा सेबी नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासावा. सापडला नाही तर खोटे, सापडला तर उगाच वडिलांना त्रास देऊ नये.

प्रवरेकाठचा
तपासला. क्रमांक सापडतो आणि कंपनीचे नावही जुळते. वडिलांचा सगळा विश्वास त्यावरच आहे.

जुना डीलर
मी सतरा वर्षे एका दलाली पेढीत सौदे टाकण्याचे काम केले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

शंकासुर यांचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. तो क्रमांक खरा आहे, पण तो ज्या कंपनीचा आहे तिच्याशी या मंडळींचा संबंध असेलच असे नाही. नोंदणी क्रमांक सार्वजनिक असतो आणि तो उचलून आपल्या चित्रावर छापायला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून गटात दिलेल्या नंबरावर नव्हे, तर सेबीच्या यादीत त्या कंपनीपुढे दिलेल्या दूरध्वनीवर वडिलांनी स्वतः फोन करून ‘हे ॲप तुमचे आहे का’ असे विचारावे.

आता आयपीओविषयी. वडिलांनी यापूर्वी बँकेमार्फत कधी अर्ज केला असेल तर त्यांना आठवेल की, पैसे कोणालाही पाठवावे लागत नाहीत. ते आपल्याच बचत खात्यात अडवून ठेवले जातात, शेअर लागले तर तेवढेच वजा होतात आणि नाही लागले तर मोकळे होतात. अर्जाच्या वेळी जेवढी रक्कम अडवलेली असते, तिच्यापेक्षा जास्त किमतीचे शेअर लागूच शकत नाहीत. त्यामुळे ‘जास्त लागले, आता फरक भरा’ ही मागणी खऱ्या व्यवस्थेत उद्भवतच नाही. मागणीचा अर्थ एवढाच की, वडिलांकडून आणखी किती निघू शकेल याचा अंदाज समोरच्याने बांधला आहे.

शिवाय संस्थांसाठी राखून ठेवलेल्या भागात व्यक्तीला अर्ज करता येत नाही. परदेशी संस्थांच्या नावाने असे खाते उघडून देतो म्हणणाऱ्यांविरुद्ध सेबीने फेब्रुवारी 2024 मध्येच इशारा दिला होता. बड्या संस्थांचे एकगठ्ठा सौदे असतात हे खरे, पण त्यांची किमान मर्यादाच कोट्यवधी रुपयांची असते आणि भावही चालू बाजारभावाच्या आसपासच ठेवावा लागतो. तिथे दीड लाखाला वीस टक्के सवलतीत कोणी काही देत नाही.

एक गोष्ट करून पाहावी. ॲपमध्ये एखाद्या नोंदणीकृत शेअरची खरेदी दाखवली असेल तर तारीख आणि भाव इथे लिहावा.

शंकासुर
मी चुकीचे सांगितले नव्हते. नोंदणी तपासणे ही पहिली पायरी आहेच.

जुना डीलर
पहिली आहे हे मान्य. ‘सापडला तर त्रास देऊ नये’ एवढेच मला मान्य नाही.

प्रवरेकाठचा
वडिलांच्या न कळत फोटो काढला. एका शेअरची खरेदी 214.60 रुपयांना दाखवली आहे. एक्सचेंजच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचा नीचांक 231 आणि उच्चांक 238 दिसतो.

जुना डीलर
म्हणजे त्या दिवशी त्या बाजारात कोणीही त्या भावाला तो शेअर विकलेला नाही. ‘सवलतीच्या दराने मिळाला’ असे उत्तर येईल, म्हणून यावरच थांबू नये. खरा सौदा झाला असता तर दुसऱ्या दिवसापर्यंत ई-मेलवर काँट्रॅक्ट नोट आली असती, एक्सचेंजकडून मोबाईलवर संदेश आला असता आणि शेअर वडिलांच्या डीमॅट खात्यात जमा झाले असते. डीमॅट खात्याची नोंद ॲपवाल्याकडे नसते. ती सीडीएसएल किंवा एनएसडीएल या दोन डिपॉझिटरींपैकी एकीकडे असते आणि पॅनवरून त्यांचे एकत्रित विवरण ई-मेलवर येते. ॲपवरचा आकडा कोणीही कितीही लिहू शकतो, पण डिपॉझिटरीच्या विवरणात तो शेअर नसेल तर तो वडिलांचा नाही. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा ते विवरण त्यांनाच उघडायला सांगावे.

अनघा_प
पैसे कोणाच्या खात्यात गेले, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही. आणि काही परत मिळाले होते का?

प्रवरेकाठचा
ते मी मुद्दाम टाळले नव्हते, महत्त्वाचे वाटले नाही. पहिली रक्कम एका कापड दुकानाच्या नावाच्या चालू खात्यात गेली, दुसरी कुठल्या तरी ‘एंटरप्रायझेस’कडे आणि तिसरी यूपीआयने. तिसरी सहा दिवसांपूर्वीची आहे. आणि हो, सुरुवातीला वडिलांनी 9,000 रुपये काढून पाहिले होते, ते दहा मिनिटांत बँकेत जमा झाले. म्हणूनच ते म्हणतात की, फसवायचे असते तर परत का दिले असते?

कोकणकडा
त्या 9,000 वर मी बोलू शकतो, कारण माझ्याच बाबतीत हे घडले. मला 8,000 मिळाले होते आणि आनंद झाला होता. चार महिन्यांनी माझे पगाराचे खाते गोठले. बँकेत चौकशी केल्यावर कळले की, दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून ते थांबवले होते, कारण ते 8,000 रुपये तिथल्या एका फसवल्या गेलेल्या माणसाच्या खात्यातून फिरत माझ्याकडे आले होते. त्या महिन्याचा घराचा हप्ता मेहुण्याने भरला. वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे खाते तेच असेल तर तो विचार आधी करावा.

शंकासुर
हे जरा भीती घालण्यासारखे वाटते. सगळ्यांची खाती गोठत नाहीत.

कोकणकडा
सगळ्यांची गोठतात असे मी म्हटलेले नाही. माझे गोठले.

जुना डीलर
दुकानाच्या नावाची खाती हीच मोठी खूण आहे. नोंदणीकृत दलाल ग्राहकाचे पैसे आपल्याच नावाच्या खात्यात घेतो, दर वेळी वेगळ्या नावाच्या चालू खात्यात नाही. यूपीआयसाठी ऑक्टोबर 2025 पासून दलालांचे पत्ते वेगळे ओळखू येतात आणि त्यांत `.brk@valid` असा भाग असतो. वडिलांनी ज्या पत्त्यावर पैसे पाठवले तो बँकेच्या विवरणात पाहावा.

परत मिळालेल्या 9,000 मुळे तीन रकमा मिळून दीड लाख गेले. फसवणाऱ्यांच्या दृष्टीने तो व्यवसायातला खर्च आहे.

अनघा_प
मला मात्र वाटते की, आधी 1930 वर फोन व्हावा आणि पटवणे नंतर. शेवटची रक्कम सहाच दिवसांपूर्वीची आहे. पैसे पुढच्या खात्यांत जितके पसरतील तितके अडवणे अवघड होते. cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवताना प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक लागेल, तो बँकेच्या विवरणात असतो. वडील तयार नसताना त्यांच्या नावाने परस्पर तक्रार करू नये, हेही तितकेच खरे.

जुना डीलर
तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण ते स्वतः न पटता तक्रार करणार नाहीत आणि त्यांचा मुलगा पुण्यात आहे. तुमचे वडील कोणत्या क्षेत्रातून निवृत्त झाले?

प्रवरेकाठचा
हेही सांगायचे राहिले. ते माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते.

जुना डीलर
मग तेच गणित त्यांच्याकडून करवून घ्यावे. दररोज 3 टक्के म्हणजे बाजाराच्या 22 दिवसांत रक्कम जवळपास दुप्पट होते. वर्षात बाजार साधारण 250 दिवस चालतो. 1.03 चा 250 वा घात केला तर सुमारे 1,600 येतो, म्हणजे पन्नास हजारांचे एका वर्षात आठ कोटी होतात आणि त्याच्या पुढच्या वर्षात तेरा हजार कोटींच्या आसपास. ज्याच्याकडे असे यंत्र आहे त्याला संगमनेरच्या एका निवृत्त शिक्षकाचे 2,68,000 शुक्रवारपर्यंत कशासाठी हवे असतील, हा प्रश्न त्यांनीच विचारला पाहिजे. आपण विचारला तर तो टोमणा होतो.

दत्ताभाऊ 62
आमच्या गावात पूर्वी एकाने भिशीत असेच केले होते. असो. पोस्टाचे मी सांगितले ते लक्षात ठेवावे.

प्रवरेकाठचा (गुरुवार, रात्री)
आज रजा घेऊन घरी आलो. ॲपविषयी काही न बोलता ‘डिपॉझिटरीचे विवरण मला समजावून सांगा’ एवढेच म्हटले. ई-मेल त्यांनीच शोधला, पासवर्ड म्हणून पॅन त्यांनीच टाकला. पानावर एका बँकेचे चाळीस शेअर होते, जे त्यांनी 2009 साली घेतले होते. बाकी काही नाही. त्यांनी पान दोनदा वर-खाली केले, मग चष्मा काढून ठेवला. घाताचे गणित त्यांनी जुन्या वहीच्या मागच्या पानावर लॉगॅरिदमच्या तक्त्याने केले, कॅल्क्युलेटर घेतला नाही. उत्तर 1,600 च्या आसपासच आले.

1930 वर फोन झाला आहे आणि तक्रारीचा क्रमांक मिळाला. ‘प्राध्यापिके’ने दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही, पण ॲपही अजून काढून टाकलेले नाही, कारण ‘4,12,000 तिथे दिसत आहेत’. ते 9,000 खात्यात तसेच ठेवावेत की बँकेला आधीच लेखी कळवावे?

जुना डीलर
ॲप लगेच काढू नये. आधी प्रत्येक पानाचे आणि गटातल्या संभाषणाचे फोटो काढून तक्रारीला जोडावेत. 9,000 खर्च करू नयेत आणि ते आल्याचे तक्रारीत स्वतःहून लिहावे. त्याने खाते गोठणे टळेलच असे मी सांगू शकत नाही.

कोकणकडा
निवृत्तिवेतन दुसऱ्या खात्यात वळवायचा अर्ज आत्ताच देऊन ठेवावा. माझे खाते मोकळे व्हायला सात महिने लागले.

शंकासुर
वळवण्याची इतकी घाई कशाला? तक्रार तर झाली आहे.