शब्दचर्चा: 'डेड कॅट बाउन्स'ला मराठीत काय म्हणायचं? उसळी की टप्पा?

महालची वाचक
नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीत बायकांचा गुंतवणूक गट आहे, महिन्यातून एकदा बसतो, आणि त्यांच्यासाठी मी मराठीत दोन पानांचं टिपण काढते. यावेळी विषय आहे पडत्या बाजारात मध्येच जोरात वर येणारी तेजी, जिला इंग्रजीत डेड कॅट बाउन्स म्हणतात. मी लिहिलं 'मेलेल्या मांजराची उसळी', तर एक काकू म्हणाल्या की अगं मेलेलं मांजर उसळी कशाला मारेल? मला उत्तर देता आलं नाही. 'फसवी तेजी' लिहू का? की वेगळा शब्द आहे कोणाकडे?

धंतोली_ट्रेडर
'फसवी उसळी' लिहा, सोपं आहे. मंदीच्या बाजारात दोन-तीन दिवसांत 10 टक्के चढलं की तो डेड कॅट बाउन्स. बेअर मार्केट रॅली पण तेच, दोन्ही एकच.

जुनी शाई
थोडं थांबा दादा. शब्द आला कुठून ते बघितलं तर काकूंचा प्रश्न बरोबर निघतो. छापील वापर सापडतो तो डिसेंबर 1985 चा, लंडनच्या फायनान्शियल टाइम्समधला. सिंगापूर आणि मलेशियाचे बाजार आपटले होते, मग थोडे वर आले, आणि ती चढण डेड कॅट बाउन्स असल्याचं तिथल्या ब्रोकरच्या हवाल्याने छापलं गेलं. पुढच्या वर्षात ते बाजार आणखी खाली गेले. त्यामागची कल्पना अशी की पुरेशा उंचीवरून टाकलं तर मेलेलं मांजरही जमिनीवरून थोडं उडतं. म्हणजे उडण्याचं कारण मांजरात नाही, उंचीत आहे आणि जमिनीत आहे.

आता मराठी बघा. आपण 'उसळी मारली', 'उसळी घेतली' म्हणतो तेव्हा जोर त्या वस्तूचा स्वतःचा असतो. मासा उसळी मारतो, रक्त उसळतं. म्हणून माझ्या मते 'उसळी' हा शब्दच इथे चुकतो. चेंडू जमिनीवर आपटून वर येतो त्याला आपण टप्पा म्हणतो, आणि टप्प्यात चेंडूचं कर्तृत्व काहीच नसतं, शिवाय पुढचा टप्पा आधीपेक्षा बुटका असतो. माझं मत 'मेल्या मांजराचा टप्पा'.

संत्रा_काटोल
मले शेअरचं काही समजत नाई पण मांजराचं वाचून आलो, वाटलं कोनाचं मांजर गेलं. पण हे तर आमच्या नागपूरच्या कळमना मंडीत दरवर्षीच होते न भाऊ. संत्र्याचा भाव पडत जातो, पडत जातो, मंग लोक चिडून तोडणीच थांबवतात, दोन दिवस गाड्याच येत नाई, आन तिसऱ्या दिवशी भाव एकदम वर. मी एकदा तेवढ्यावरच फसलो, भाव फिरला समजून रातोरात मजूर लावले, दुसऱ्या दिवशी सगळ्याइच्याच गाड्या आल्या. घेणारा वाढलाच नव्हता राजेहो, इकणारा थांबला होता फक्त. तुमचं बी असंच अस्ते काय?

इतवारीकर
संत्रावाले भाऊ, तुम्ही अर्धी गोष्ट एका झटक्यात सांगून टाकली. मी 30 वर्षं या धंद्यात आहे, उरलेली अर्धी सांगतो.

शेअरबाजारात भाव वर न्यायला दोन लोक लागतात. एक तुम्ही सांगितलेला, विकून विकून दमलेला. सौद्यापोटी ब्रोकरकडे ठेवायची रक्कम, म्हणजे मार्जिन, भरता न आल्यामुळे ज्यांचे शेअर जबरदस्तीने विकले जाणार होते ते विकून झाले, घाबरणारे घाबरून निघून गेले, आता पुरवठाच नाही. दुसरा माणूस मंदीवाला. त्याने फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांत, आधीच वर विकून ठेवलंय, 300 ला विकलं, भाव 180 झाला, आता नफा खिशात घालायचा तर त्याला विकत घ्यावंच लागतं. भाव थोडा वर गेला की बाकीचे मंदीवाले घाबरतात, तेही घ्यायला धावतात, आणि स्क्रीनवर दिसते जोरदार खरेदी. पण ही खरेदी सौदा मिटवण्याची आहे, शेअर घरी ठेवायची नाही. मंदीवाल्यांचे सौदे कापून झाले की तो गिऱ्हाईकच नाहीसा होतो. म्हणून ही तेजी खऱ्या तेजीपेक्षा जास्त तिखट असते. खरी तेजी हळू चालते, लोक शंका घेत घेत विकत घेतात. अमेरिकेत डाऊ जोन्स 13 ऑक्टोबर 2008 ला एका दिवसात 936 पॉइंट वर गेला, तोपर्यंतची एका दिवसातली सगळ्यात मोठी पॉइंटवाढ, आणि तळ लागला मार्च 2009 मध्ये.

धंतोलीच्या दादांना एवढंच सांगतो की 10 टक्के असा काही नियम नाही. टप्पा काही दिवसांचा असतो, बेअर मार्केट रॅली आठवडे-महिने चालते, आणि फसवते जास्त तीच, कारण तेवढ्या दिवसांत माणसाची भीती जाते.

महालची वाचक
दादा, एखादं उदाहरण सविस्तर द्याल का? आमच्या बायकांना आकडे चालतात पण थोडे हवेत.

इतवारीकर
2008 चंच देतो, ते माझ्या अंगावरून गेलंय. जानेवारीत सेन्सेक्स 21 हजारांच्या जवळ होता. मार्चच्या मध्यात 14,800 च्या आसपास आला, मे च्या सुरुवातीला परत 17,600. मग पुन्हा घसरला आणि 16 जुलैला बंद झाला 12,576 ला. तिथून पाच सत्रांत 14,942. शेवटच्या एका दिवसात 838 पॉइंट, कारण आदल्या दिवशी दिल्लीत सरकारने विश्वासदर्शक ठराव जिंकला होता. कच्चं तेल 147 डॉलरवरून उतरायला लागलं होतं. बातम्या खोट्या नव्हत्या हे लक्षात घ्या. 11 ऑगस्टला सेन्सेक्स 15,500. तळापासून 23 टक्के वर! आणि 27 ऑक्टोबरला दिवसाच्या मध्यात 7,700 च्याही खाली.

माझ्याकडे एका कंपनीचे 100 शेअर होते, 400 ला घेतलेले. जुलैत ते 180 ला आले तेव्हा हात लावायची हिंमत झाली नाही. भाव 250 झाला तेव्हा हिंमत आली आणि मी आणखी 200 घेतले. कॉन्ट्रॅक्ट नोटच्या पाठीमागे पेन्सिलने हिशेब केला, सरासरी 300. त्या 300 भोवती मी दोनदा गोल काढला, कारण आधी सुटायला 400 लागणार होते आणि आता 250 वरून फक्त 50 रुपये लागणार होते. ऑक्टोबरात भाव 95. नवीन घेतलं नसतं तर नुकसान 30,500 चं होतं, ते 61,500 चं झालं. ती नोट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आणि भाव 300 पर्यंत का गेला नाही? कारण माझ्यासारखेच हजारो लोक 270 ला, 280 ला, 300 ला अडकलेले होते, प्रत्येक जण घरी सांगून बसला होता की 'आपला भाव आला की निघतो'. माझी खरेदी म्हणजे त्यांची सुटका. वर चढताना प्रत्येक पायरीवर विकणारा उभा असतो, तो खालून दिसत नाही.

गणिताच्या_मॅडम
दादांच्या आकड्यांवरच एक सांगते. 23 टक्के ऐकायला मोठं वाटतं कारण ते खालच्या आकड्यावर मोजलंय. जानेवारीपासून जुलैपर्यंत जेवढे पॉइंट गेले त्यातले ऑगस्टपर्यंत परत आले ते तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडेच जास्त. माझ्या मुलांना मी हेच सांगते, 100 चे 60 झाले म्हणजे 40 टक्के गेले, पण 60 चे परत 100 व्हायला 67 टक्के लागतात. आणि शिखरं एकाखाली एक लिहा, 21,000, 17,600, 15,500. जुन्या शाईंचा टप्पा तो हाच.

हिंगणा_रोड
सगळं पटलं पण माझी उलटी तक्रार आहे. मार्च 2020 ला निफ्टी 7,511 पर्यंत खाली गेला, तिथून वर यायला लागला तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये सगळे हेच म्हणत होते की डेड कॅट आहे डेड कॅट आहे, घेऊ नका. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, साठ हजार बाजूला ठेवले होते, एक रुपया लावला नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निफ्टी 9,100 आणि नोव्हेंबरात नवा उच्चांक. मांजर जिवंत होतं! म्हणून मला 'फसवी' शब्द नको वाटतो, फसवी आहे हे नंतर कळतं, त्या दिवशी कोणालाच माहीत नसतं.

धंतोली_ट्रेडर
हे खरं आहे. मी पण त्याच लोकांत होतो. मग आधी ओळखायचं कसं?

इतवारीकर
पक्कं ओळखता येत नाही. मी बघतो त्या दोन गोष्टी सांगतो. भाव चढतोय आणि फ्युचर्सचा ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेल्या सौद्यांचा आकडा, कमी होतोय, तर समजायचं जुने सौदे कापले जातायत, नवीन पैसा येत नाहीये. पण एक्सपायरीच्या, म्हणजे त्या महिन्याचे सौदे संपण्याच्या आठवड्यात चालू महिन्याचा आकडा तसाही उतरतो, कारण लोक सौदे पुढच्या महिन्यात नेतात, म्हणून सगळ्या महिन्यांची बेरीज बघायची, नाहीतर चूक होते. दुसरी गोष्ट, चढण झाल्यावर बाजार परत खाली येतो तेव्हा कुठे थांबतो. आधीच्या तळाच्या वर थांबला आणि मग मागचं शिखर ओलांडलं तर मी घ्यायला सुरुवात करतो, तीही तिसरा हिस्सा.

याची किंमत आहे. 2020 मध्ये या पद्धतीने मी पण उशिराच शिरलो, खालचे दोन-अडीच हजार पॉइंट हातातून गेले. मला ते चालतं. हिंगण्याच्या भावाचं वय माझ्यापेक्षा कमी, पगार दर महिन्याला येतो, त्याने दर महिन्याला थोडं थोडं घेतलं असतं तर त्याला टप्पा की तेजी हे ठरवायची गरजच नव्हती.

जुनी शाई
हिंगणा रोड यांच्या मुद्द्यावर मी माझंच मत थोडं बदलते. 'टप्पा' हा शब्द पण निकालच देतो, कारण टप्पा म्हटलं की चेंडू परत पडणार हे आलंच. चालू असलेल्या चढणीला आपण नुसतं 'मंदीतली चढण' म्हणावं, आणि नवा तळ झाल्यावर मागे वळून 'टप्पा'. वर्तमानपत्रं मात्र पहिल्याच दिवशी 'बाजाराची उसळी' असा मथळा देतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं बाजारात जीव आला.

संत्रा_काटोल
पन माई, टप्पा म्हनलं तर लोक 'पहिला टप्पा, दुसरा टप्पा' असं समजतील न. रस्त्याच्या कामाचा टप्पा असते तसा.

जुनी शाई
हो, ही अडचण आहे खरी. 'टप्पा खाल्ला' असं क्रियापद जोडलं तर चेंडूच डोळ्यापुढे येतो, पण नुसत्या नामाला धोका आहे.

महालची वाचक
मी आत्ता मसुद्यात असं केलंय: मथळा 'मंदीतली चढण', आणि 2008 च्या गोष्टीत 'बाजाराने टप्पा खाल्ला'. इतवारीकर दादा, तुमचा तो 400, 250 आणि 300 चा हिशेब नाव न घालता छापू का? काकूंना संत्र्याच्या गाड्यांची गोष्ट आत्ताच फोनवर सांगितली, त्यांनी लगेच विचारलं की मग गाड्या परत येणार हे त्या दोन दिवसांत कळमन्यात कोणाला तरी कळत असेल ना?

इतवारीकर
छापा, नोटचा फोटो हवा असेल तर तोही पाठवतो, नाव झाकून.

संत्रा_काटोल
अडत्याले कळते ताई. त्याच्याकडं बागवाल्याइचे फोन येत अस्तात का परवा किती गाड्या भरू म्हनून. आपल्याले नाई कळत.