मदत हवी आहे : फॉर्म १६ मध्ये कर शून्य, पण विवरणपत्र भरताना कर दिसतो

कोथरूडची_रहिवासी
नमस्कार. मी हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी करते. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या फॉर्म १६ प्रमाणे माझा एकूण पगार १२,४०,००० रुपये आहे आणि नव्या कररचनेतील ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर ११,६५,००० रुपये उरतात, त्यामुळे कंपनीने कर कापलेला नाही. मात्र बँकेतील मुदत ठेवींचे ४८,००० आणि बचत खात्याचे ९,००० रुपये व्याज प्राप्तिकर खात्याच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात दिसते. आयटीआर-१ मध्ये ते भरताच २२,८८० रुपये कर आणि त्यावर व्याजही दिसू लागले. ५७,००० रुपयांच्या व्याजावर एवढा कर कसा, हे कोणी समजावून सांगेल का?

नारायणपेठी
बँकेने टीडीएस कापलेला नसेल, तर ते व्याज दाखवण्याची गरज नसते, असे मला वाटते. शिवाय बचत खात्याचे १०,००० रुपयांपर्यंतचे व्याज माफ असते, त्यामुळे तुमचे ९,००० तर सरळच वगळता येतील.

हिशोबनीस
नारायणपेठी यांचे दुसरे विधान जुन्या कररचनेपुरते बरोबर आहे. नव्या रचनेत ती १०,००० रुपयांची वजावट मिळत नाही. पहिले विधान मात्र घातक आहे. १ एप्रिल २०२५ पासून, ज्येष्ठ नागरिक नसलेल्या ठेवीदाराला एका बँकेकडून वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत ठेवींचे व्याज मिळाले तर बँक टीडीएस कापत नाही. ही मर्यादा बँकेने कापण्याची आहे; व्याज करमुक्त असण्याशी तिचा संबंध नाही. तुमचे ४८,००० त्या मर्यादेच्या आत राहिले, म्हणून एक रुपयाही कापला गेला नाही.

आता मूळ प्रश्न. ११,६५,००० मध्ये ५७,००० मिळवले की १२,२२,००० होतात. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर रिबेटमुळे पूर्ण माफ होतो. मर्यादा ओलांडली की रिबेट जातो आणि दराप्रमाणे ६३,३०० रुपये कर निघतो. पण बारा लाखांच्या वर जेवढे उत्पन्न, त्याहून जास्त कर घेऊ नये अशी तरतूद असल्यामुळे तो २२,००० वर थांबतो, आणि त्यावर ४ टक्के उपकर ८८० रुपये. म्हणजे तुमच्या व्याजातील पहिले ३५,००० करातून सुटले आणि वरचे २२,००० जवळजवळ पूर्णच करात गेले. फॉर्म १६ चुकीचा नाही; कंपनीला तुमच्या ठेवींची माहितीच नव्हती. पुढच्या वर्षी हे व्याज कंपनीला आधीच कळवलेत, तर ती पगारातून कर कापेल.

करावर लागलेले व्याज अग्रिम कर न भरल्याचे आहे. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा अधिक कर देय असेल तर तो वर्षभरात हप्त्यांनी भरायचा असतो. जूनमध्येच भरलात तर २३४बी आणि २३४सी या दोन्ही कलमांखाली मिळून सुमारे १,८३० रुपये होतील. जुलै उजाडला की आणखी एका महिन्याचे वाढेल. incometax.gov.in वर `e-Pay Tax` मध्ये निर्धारण वर्ष २०२६-२७ आणि `Self-Assessment Tax (300)` निवडून आधी पैसे भरा. मग चलनाचा क्रमांक, बीएसआर कोड आणि तारीख विवरणपत्रात आली आहे का ते पाहा, आणि देय रक्कम शून्य दिसल्यावरच ते सादर करा.

सातारारोडवाला
माझ्या वडिलांचे वय ७२ असून त्यांच्या ठेवींवर बँकेने टीडीएस कापला आहे, तो परत कसा मिळवायचा?

हिशोबनीस
त्यांचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल, तर विवरणपत्र भरून परतावा मागावा लागेल. पण त्यासाठी वेगळा धागा काढावा, म्हणजे इथला प्रश्न भरकटणार नाही.

कोथरूडची_रहिवासी
हिशोबनीस काका, मनापासून आभार. एक गोष्ट मात्र राहिली. ४८,००० पैकी १४,००० रुपये व्याज ज्या ठेवीचे आहे, ती आईच्या निवृत्तीच्या पैशांची आहे. खाते संयुक्त आहे, पण माझे नाव पहिले असल्यामुळे सगळे व्याज माझ्याच पॅनवर आले आहे. ते आईच्या उत्पन्नात दाखवता येईल का?

हिशोबनीस
पैसा खरोखर तिचा असेल तर व्याजही तिचेच, नाव कुणाचेही पहिले असो. ते वगळले तर तुमचे उत्पन्न १२,०८,००० होते, कर ८,३२० वर येतो आणि तो १०,००० च्या आत असल्यामुळे अग्रिम कराचे व्याजही लागत नाही. एआयएसमध्ये त्या नोंदीवर ही माहिती दुसऱ्या पॅनची असल्याचा अभिप्राय द्या आणि आईच्या विवरणपत्रात ते व्याज दाखवा. मात्र तिच्या खात्यातून ठेवीत पैसे गेल्याचे उतारे हाताशी हवेत.

नारायणपेठी
मला हे पटत नाही. बँक अभिप्राय मान्य करील याची खात्री काय? एवढ्या रकमेसाठी नोटीस ओढवून घेण्यापेक्षा पूर्ण कर भरलेला बरा.

कोथरूडची_रहिवासी
आईच्या खात्याचे उतारे उद्या बँकेतून मागवते. ठेव २०२२ मध्ये काढली तेव्हा पैसे आधी माझ्या खात्यात आले होते, असे ती म्हणते. त्याने काही फरक पडेल का?

हिशोबनीस
तिच्या खात्यातून तुमच्या खात्यात आणि तिथून लगेच ठेवीत, अशी साखळी उताऱ्यात दिसली तर अडचण नसावी. मध्ये काही महिने ते पैसे तुमच्या पगारात मिसळून राहिले असतील, तर कागद पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.