'बेजबाबदार' म्हटलं तर ढिम्म, 'मेंगळट' म्हटलं तर सगळे हसतात, असं का?

कट्ट्यावरचा_बंड्या: आमच्यात एक मित्र आहे, ट्रेकला आदल्या रात्री हो हो म्हणतो आणि पहाटे फोन बंद. मी त्याला बेजबाबदार म्हटलं, काही फरक नाही. मग दुसरा म्हणाला 'काय मेंगळट ध्यान आहे हे' आणि सगळे फुटले, तो स्वतः पण. माझं मत असं की अर्थाचा काही संबंध नाही, सगळी जादू ट ठ ड ढ ची. पटतंय का?

मालतीताई: अर्धंच पटतं. नुसत्या ट ने हसू येत असतं तर टोपी, टाळी, टोपली म्हणताना पण आलं असतं. गंमत शेवटच्या 'ट' ची आहे, तेलकट, मळकट, ओशट, पांचट आठवून बघ, हाताला काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं ना? इतक्या नकोशा शब्दांच्या शेपटाला तो ट बसलाय की बावळट, खुळचट, मेंगळट म्हटलं की अर्थ कळायच्या आधीच तोंड वाकडं होतं. म्हणजे आवाज आहेच, पण त्याला सवयीने अर्थ चिकटलाय.

रोखठोक: आणि बळकट? ती काय शिवी आहे?

मालतीताई: नाही, तिथे माझा नियम मोडतो, मान्य. म्हणूनच नियम नाही म्हणत, कल म्हणते.

विज्ञानप्रेमी_दादा: अहो ताई यावर रिसर्च झालंय. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या दोघांनी 2022 मध्ये वेगवेगळ्या भाषांतल्या शिव्या तपासल्या, त्यात हिंदी पण होती, आणि त्यात य र ल व सारखे मऊ आवाज कमी निघाले. म्हणजे सिद्धच झालं, मऊ अक्षराची शिवी होऊच शकत नाही.

मालतीताई: 'कमी' आणि 'होऊच शकत नाही' यात फरक आहे हो. 'मेल्या' मध्ये ल पण आहे आणि य पण. शिवाय ते रिसर्च शब्द शिवीसारखा वाटतो का त्याबद्दल, हसू येण्याबद्दल नाही.

विज्ञानप्रेमी_दादा: पण कोकणात आजी नातवाला लाडाने मेल्या म्हणते! मऊ आहे म्हणूनच लाडात चालतं, उलट माझंच खरं.

मालतीताई: हं. याचं उत्तर लगेच नाही माझ्याकडे.

वऱ्हाडी_पाव्हणा: आमच्याकडं बह्याड म्हणतेत, त्याच्यापुढं तुमचा मेंगळट काहीच नाही. पण पुण्यात एकाला भांडणात म्हटलं तर तो म्हणतो 'म्हणजे काय?' आता भर भांडणात अर्थ सांगत बसू का, सगळा राग तिथंच उतरला.

सुसंस्कृत: शिव्यांचे क्लास चालू केलेत का इथे? मुलं वाचतात.

रोखठोक: मुलांकडूनच शिकलो काका. बाकी एक गोष्ट राहिली, 'हे ध्यान'. तो मेंगळट आहे म्हटलं असतं तर निम्मं हसू गेलं असतं. माणसाला नपुंसकलिंगात ढकललं की तो वस्तू होतो, येडं, कार्टं, बेणं, सोंग, सगळी तीच युक्ती. आणि 'बि' विसरू नका, 'तू ट्रेकर-बिकर आहेस म्हणे', यात एकही वाईट शब्द नाही तरी लागतं.

कट्ट्यावरचा_बंड्या: भारी! मग या मित्रासाठी नवीन काय? मी 'चहात बुडून कपाच्या तळाशी गेलेलं बिस्किट' ठरवलंय.

मालतीताई: चित्र उत्तम, पण लांबी बघ. तू तळाशी पोचेपर्यंत तो उत्तर देऊन मोकळा होईल. कप, तळ, चहा सगळं काढ, ते ऐकणारा स्वतः घालतो. 'भिजलेलं बिस्किट' राहतं. आता 'भिजलेलं' मध्ये दोन ल, जीभ घसरते, म्हणून 'भिजकं' कर. भिजकं बिस्किट. भि आणि बि एकावर एक आपटतात, शेवटी तो ट, आणि नपुंसकलिंग आयतंच मिळालं. वर तो पहाटे खरंच तसाच होतो, हे नसेल तर बाकीचं फुकट, दांडग्या माणसाला म्हणून बघ, कुणी हसणार नाही.

रोखठोक: म्हणजे शेवटी अर्थच जिंकला की!

मालतीताई: मग 'ओली पोळी' म्हणून बघ. अर्थ तोच आहे. हसलास?

रोखठोक: थोडासा. पोळीला हसलो.

एक_वाचक: एक सांगते, कानाला धारदार वाटणारे काही जुने शब्द मुळात जातींची नावं आहेत, ती शिवी म्हणून वापरू नका, आवाज कितीही फिट्ट बसू दे. बिस्किटाला जात नसते, ते बरं आहे.

वऱ्हाडी_पाव्हणा: बिस्किटाऐवजी बटर चालन का?

कट्ट्यावरचा_बंड्या: नाही, बटर कडक असतं, अर्धा कप चहा पिऊन पण उभं राहतं. हा पहिल्याच घोटात गेला.