विषय : शनिवार-रविवारचे काम निवडण्याबाबत

माधुरी :
सर्व सभासदांस नमस्कार. माझी कन्या संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहे. शनिवार-रविवारसाठी तिला दोन कामे मिळत आहेत. एक उपाहारगृहात गल्ल्यावर बसण्याचे असून त्यात मोबदला अधिक आहे. दुसरे एका दुकानाच्या कोठारात मालाची मोजदाद करण्याचे. पुढे नोकरीच्या दृष्टीने कोणते बरे?

श्रीकांत :
माधुरीताई, माझ्या मते दोन्ही नाकारावीत. विषयाशी संबंध नसलेल्या कामाचा अर्जात उपयोग होत नाही. बिनपगारी का होईना, तिने एखाद्या संशोधन प्रकल्पात जावे.

वसुधा :
श्रीकांतराव, विषयाची जवळीक पाहावी हे खरे, पण ती कामाच्या नावावरून कळत नाही. मी अनेक वर्षे नवपदवीधरांच्या मुलाखती घेते. एक विद्यार्थी असाच कोठारात दर रविवारी चाळीस वस्तू मोजून संगणकातील आकड्यांशी ताडून पाहत असे. एका वस्तूत दर आठवड्याला तूट येई : सहा नग, मग चार, मग आठ. सर्वांना चोरीचा संशय होता. त्याने आवक नोंदी काढल्या, तेव्हा त्या आठवड्यांत अनुक्रमे तीन, दोन आणि चार खोकी आली होती, म्हणजे प्रत्येक खोक्यामागे दोन नग कमी. पुरवठादाराने खोके बाराऐवजी दहा नगांचे केले होते आणि नोंद मात्र जुन्याच हिशेबाने होत होती. हे त्याने मला कागदावर मांडून दाखवले, आणि त्यानंतर त्याच्या विचारपद्धतीविषयी मला फारसे विचारावे लागले नाही.

म्हणून ताई, व्यवस्थापकांना एवढेच विचारा की तफावत आढळल्यास आवक नोंदी पाहण्याची मुभा तिला मिळेल का. ती नसेल, तर केवळ आकडे उतरवून देण्यासाठी कमी मोबदला पत्करण्यात मला अर्थ दिसत नाही. गल्ल्यावरही दिवसअखेरचा हिशेब जुळवण्याची जबाबदारी मिळाली, तर तेही काम सांगण्याजोगे ठरते.

प्रभाकर :
आमच्या चिरंजीवांनी आठवड्याला चोवीस तास काम धरले आणि त्या सत्रात दोन विषय राहिले. नोकरी कोणतीही असो, आधी तास मोजावेत. विद्यार्थी परवान्यावर तासांची मर्यादा असेल, तर तीही पाहावी.

माधुरी :
वसुधाताई, आज विचारले. पहिले तीन महिने फक्त मोजणी, नोंदींचे नंतर पाहू, असे उत्तर मिळाले. लेखी काही देण्यास ते तयार नाहीत. प्रभाकरकाका, परीक्षेच्या महिन्यात फक्त रविवारी आले तर चालेल का, हे विचारायचे राहिले, उद्या विचारते. तीन महिन्यांच्या त्या भरवशावर मोबदल्यातील फरक सोसावा का, याबद्दल मात्र आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही.