मदत हवी आहे: छाटलेल्या बाभळीतला कार्बन कसा मोजावा?

नमस्कार मंडळी. भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवरच्या बाभळींतला कार्बन मोजतोय. जमिनीपासून 1.37 मीटरवर घेर 94 सेंमी, म्हणजे व्यास 30; उंची 9 मीटर, लाकडाची घनता 0.75 धरली.

`AGB = 0.0673 × (ρD²H)^0.976`

यातून जमिनीवरचा भाग सुमारे 330 किलो येतो. त्याच्या 47 टक्के, म्हणजे 155 किलो कार्बन. पण हे समीकरण जंगलातल्या झाडांवरून बसवलेलं आहे. आमच्याकडे कुंपणासाठी फांद्या दरवर्षी छाटतात, खोड तेवढं जाड होत राहतं. त्यामुळे आकडा फुगतो असं मला वाटतं.

झाड न तोडता, छाटलेल्या फांद्या वजन करून, नमुना ओव्हनमध्ये वाळवून दुरुस्ती कुणी केलीय का? छाटणीआधी मोजावं की नंतर?